'ही थापलेली नाही': लोगोच्या कच्च्या चित्रावर मी पाठवलेली चिठ्ठी

आमचं दुकान सोलापुरात बाळीवेशीजवळ आहे. कडक भाकरी आणि शेंगदाणा चटणी हा मुख्य माल. सासूबाईंनी घरच्या चुलीवर सुरुवात केली, आता मी आणि माझी जाऊ सांभाळतो. इतकी वर्षं पाकिटावर एक साधी छापील चिठ्ठी असायची. दुकानाचं नाव, वजन, किंमत, बास. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून परत निघालेली माणसं समोर उभी राहून माल घेतात. त्यांना पाकिटावर काय छापलंय याच्याशी काही देणंघेणं नसतं, भाकरी डोळ्यांसमोर असते.

यंदा पुण्यातल्या दोन दुकानदारांनी माल मागितला. त्यांचं म्हणणं असं की फळीवर दहा जणांची पाकिटं शेजारी शेजारी असतात, तुमचं लांबून ओळखू आलं पाहिजे. म्हणून लोगो करायचं ठरलं. पुतण्याच्या वर्गातला एक मुलगा पुण्यात हेच काम करतो. सात हजार ठरले, तीन हजार आधी दिले. दोन दुरुस्त्या त्यातच, तिसरीपासून पैसे वेगळे. ही अट मी नीट ऐकली होती, पण तिचा अर्थ मला नंतर कळला.

पहिलं चित्र आठ दिवसांत फोनवर आलं. मधोमध गोल भाकरी, तिच्यावर लाल चटणीचा गोळा, बाजूला दोन शेंगा. खाली आमचं नाव, त्याखाली बारीक अक्षरांत 'कडक भाकरी, शेंगदाणा चटणी' आणि शेवटी गाव. मी पाहिलं आणि मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते मात्र सांगता येईना. शेवटी लिहिलं, "छान झालंय, पण काहीतरी कमी वाटतंय. जरा उठावदार कर. आणि नाव मोठं कर."

त्याने तसंच केलं. दुसऱ्या चित्रात नाव दीडपट झालं, अक्षरांना सोनेरी रंग आला, कडेने सावली आली, भाकरीमागून सूर्यासारखे किरण निघाले. मला पहिल्यापेक्षाही ते नको वाटलं. एखाद्या सराफाच्या पेढीला शोभलं असतं. आणि एक दुरुस्ती संपली होती.

मी फोन केला. रागावले नव्हते, पण वाईट वाटत होतं, कारण त्या मुलाने मी सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. तो म्हणाला, "काकू, काय बदलायचं ते तुम्ही सांगू नका. तुम्हाला काय दिसतंय, कुठं दिसतंय आणि ते बघून काय आठवतंय, एवढंच लिहा. बदलायचं कसं ते मी बघतो. आणि फोनवर बघू नका, छापून पाकिटाला लावा."

मी तेच केलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही चित्रं खऱ्या मापात, म्हणजे तीन इंच रुंद, रंगीत छापून घेतली. एकेक काळी-पांढरी प्रतही काढली, कारण पुठ्ठ्याच्या खोक्यावर आम्ही शिक्का मारतो आणि शिक्क्याला एकच रंग. ती कापून खऱ्या पाकिटांना चिकटवली आणि चार दिवस फळीवर ठेवली. गल्ल्याजवळ वही ठेवली. मला काही खटकलं किंवा कुणी काही बोललं की जसंच्या तसं लिहायचं, त्यावर आपलं मत चढवायचं नाही.

पहिल्याच दिवशी सासूबाई भाकऱ्या मोजून, हात धुऊन बाहेर आल्या. त्यांना सगळ्यांनी आधीच विचारलं होतं आणि त्यांनी "चांगलं हाय की" म्हणून सोडून दिलं होतं. आता पाकीट हातात आल्यावर त्यांनी चित्रातल्या भाकरीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही थापलेली नाही."

मी दोन्ही शेजारी धरून बघितलं. चित्रातली भाकरी बांगडी ठेवून रेघ मारावी तशी गोल होती. वरचे डाग सगळे एकाच मापाचे, सारख्या अंतरावर. आमची भाकरी हाताने थापलेली असते. एका बाजूला बोटांचा दाब जास्त पडतो, तिथे ती पातळ होते आणि कड जराशी बाहेर जाते. तव्यावर जिथे फोड उठते तिथेच करपट डाग पडतो, बाकी ठिकाणी पांढुरकी राहते. आणि कडक होताना कड वर वळते, पसरट ताटलीसारखी. चित्रात यातलं काही नव्हतं, म्हणून ते बिस्किट वाटत होतं. 'काहीतरी कमी वाटतंय' असं मी लिहिलं होतं, ते कमी काय होतं ते सासूबाईंच्या तीन शब्दांत सापडलं.

दुसरी गोष्ट एका लहान मुलीमुळे कळली. आईबरोबर आली होती, नुकतं वाचायला लागलेलं वय, दिसेल ते मोठ्याने वाचत होती. पाकीट बघून तिने वाचलं, "कडक माकरी." आई हसून म्हणाली, भाकरी गं. मी पाकीट जवळ घेतलं. त्या मुलाने अक्षरांच्या डोक्यावरची रेघ काढून टाकली होती. हल्ली बऱ्याच पाट्यांवर तसं दिसतं. आता 'म' च्या डोक्यावर रेघ सलग जाते आणि 'भ' च्या डाव्या बाजूला ती तुटते, तिथे एक छोटा कान वळलेला असतो. रेघच नसली की ती तूटही दिसत नाही, सगळा भार त्या कानावर येतो. आणि बारीक अक्षर जाड शाईत छापलं की कान बुजतो. काळ्या-पांढऱ्या प्रतीत तर तो पार गेला होता. मुलीचं काही चुकलं नव्हतं. तिथे खरंच 'म' दिसत होता.

तिसरी गोष्ट तेलाची. आमच्या चटणीत वरून तेल घालत नाही, शेंगदाणे कुटताना त्यांचंच सुटतं. पाकीट कितीही पुसलं तरी हाताळताना कागदाला तेल लागतंच. तिसऱ्या दिवशी सोनेरी अक्षरांच्या पाकिटावर एका कोपऱ्यात डाग पसरला. खालचा साय-रंगाचा कागद तेलाने गडद पिवळा झाला आणि त्यावरचं सोनेरी नाव त्यात मिसळून गेलं. मी रस्ता ओलांडून समोरच्या पायरीवर उभी राहिले आणि दुकानाकडे बघितलं. डाग नसलेल्या पाकिटावरचं नावही नीट वाचता येत नव्हतं, दीडपट मोठं करूनसुद्धा. तेव्हा लक्षात आलं की पहिल्या चित्रातही नाव लहान नव्हतं. ते फिकट तपकिरी होतं आणि मागच्या रंगात बुडत होतं. मला वाचता येत नव्हतं आणि मी उपाय सांगून बसले, 'मोठं कर'. त्या मुलाला मी 'वाचता येत नाही' एवढंच सांगितलं असतं तर त्याने रंगाला हात घातला असता.

चौथ्या रात्री दुकान बंद केल्यावर बसून चिठ्ठी लिहिली. दोन वेळा खोडली. पहिल्या वेळी पुन्हा 'असं कर, तसं कर' आलं होतं. जिथे जिथे 'कर' लिहिलं होतं तिथे स्वतःला विचारलं, हे का सांगतेय मी? जे उत्तर आलं ते लिहिलं आणि 'कर' काढून टाकलं. पाठवलेली चिठ्ठी अशी होती:

"बाळा, दोन्ही चित्रं छापून पाकिटाला लावली, चार दिवस फळीवर ठेवली. जे दिसलं ते लिहिते. मागच्या वेळी मी 'उठावदार' लिहिलं होतं, ते विसरून जा. मला काय म्हणायचं होतं ते मलाच माहीत नव्हतं.

भाकरी: आई म्हणाल्या, ही थापलेली नाही. मला ती बिस्किटासारखी वाटते. फार गोल आहे, डाग सगळे सारखे आहेत. आमच्या भाकरीची कड वर वळलेली असते, ही जमिनीला चिकटल्यासारखी सपाट आहे. गिऱ्हाईकाला हाताची भाकरी मिळते, चित्रात यंत्राची दिसते.

चटणी: गोळा ओला वाटतो, ओघळ खाली येतोय. तो बघून मला बाटलीतला सॉस आठवतो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, यात टोमॅटो असतो का? आमची चटणी ओघळत नाही. चिमटीत धरली तर गोळा होतो, सोडली की रवाळ पडते. रंग इतका भडक लाल नाही, जुन्या विटेसारखा आहे. कुपीतून थोडी पाठवते आहे, बघून आणि खाऊन घे.

शेंगा: चांगल्या आहेत. त्यांच्याकडे कुणाचंच बोट गेलं नाही. मला आवडतात.

अक्षरं: एका लहान मुलीने 'माकरी' वाचलं. काळ्या-पांढऱ्या प्रतीत मलाही तसंच दिसतं. डोक्यावरची रेघ नसल्याने अक्षरं दोरी तुटून खाली पडलेल्या कपड्यांसारखी वाटतात, एकमेकांशी नातं नसल्यासारखी.

'सोलापूर' मधला ल मला परका वाटतो. मी शाळेत असा काढला नाही. आमच्या ल ला दोन पाकळ्या असतात आणि तो मधल्या देठाला लटकतो. तुझ्या ल ला उजवीकडे सरळ काठी आहे. 'शेंगदाणा' मधला श सुद्धा तसाच, बाहेरून आलेला वाटतो. आणि गावाचं नाव तू 'सोलापुर' लिहिलंयस. पू दीर्घ. हे मात्र नक्की चूक आहे.

नाव: समोरच्या पायरीवरून वाचता येत नाही. मोठं केल्यावरही येत नाही. कागदाला तेल लागलं की जवळूनही येत नाही. डाग पडलेलं पाकीट तसंच पाठवते आहे.

किरण आणि सावली: ते बघून सोन्याचं दुकान आठवतं. आमचा माल शेतकरी आणि गिरणी कामगारांच्या डब्यातला आहे. तो महागडा वाटला तर नेहमीचं गिऱ्हाईक बिचकेल.

एक मागणी आहे: सिद्धेश्वराचं देऊळ कुठेतरी असावं असं घरात सगळ्यांना वाटतं."

चिठ्ठीबरोबर खोकं पाठवलं. त्यात डाग पडलेलं पाकीट, चटणीची कुपी आणि एक कागद. त्या कागदाचं सुचलं ते जावेला. भाकरीचा फोटो पाठवला तर तो पुन्हा गोलच काढेल, असं तिला वाटलं. म्हणून आम्ही मोठा पांढरा कागद अंथरला, त्यावर कडक भाकरी पालथी ठेवली आणि कडेने पेन्सिल फिरवली. पहिली भाकरी दाबल्याबरोबर मोडली. दुसरीची कड पेन्सिलीने चुरली. मग जावेने वरून फक्त दोन बोटांनी अलगद धरली आणि मी पेन्सिल आडवी धरून फिरवली. अशा पाच भाकऱ्यांच्या कडा काढल्या. एकीचा आकार दुसरीला मिळाला नाही. पाचही थापल्या होत्या सासूबाईंनीच, एकाच परातीत, एकाच सकाळी.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. तो बराच वेळ बोलला. मी वही घेऊन बसले होते.

ल आणि श चं त्याला लगेच कळलं होतं. म्हणाला, त्या अक्षरांच्या संचात दोन्ही रूपं असतात, हिंदीची आणि मराठीची. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली होती, ती मराठी केल्यावर दोन्ही अक्षरं आपोआप बदलली. सगळ्याच संचांत ही सोय नसते. नसेल तर संच बदलावा लागतो किंवा अक्षर हाताने काढावं लागतं. आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात, त्यांना मी हे सांगितलं तर त्यांनी माहिती दिली की राज्य शासनाने २००९ साली मराठी लिपीबद्दल निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं धरली आहेत. मला निर्णय माहीत नव्हता, हात तेवढा आठवत होता.

'भ' बद्दल त्याने थोडा वाद घातला. रेघ नसलेली अक्षरं नव्या पद्धतीची आहेत, पुण्यातल्या फळीवर ती वेगळी दिसतील, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, वेगळी दिसू दे, पण भाकरीची माकरी झाली तर काय करायचं? त्याने माझ्यासमोरच, फोन चालू ठेवून, अक्षरं शिक्क्याच्या मापाची करून बघितली. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "हो काकू, बुजतंय." मोठ्या नावाला रेघ नको आणि खालच्या ओळीला हवी असं अर्धंअर्धं करायला मात्र तो तयार नव्हता. मग दोन्हीकडे रेघ आली. 'भ' चा कान त्याने नेहमीपेक्षा जरा मोठा आणि मोकळा काढला, शाई पसरली तरी मधली जागा उरेल असा.

देवळाला त्याने नाही म्हटलं. मला वाईट वाटलं, कारण सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आमच्या दुकानासाठी वर्षातला सगळ्यात मोठा काळ आणि घरात सिद्धरामेश्वरांचं नाव घेतल्याशिवाय चूल पेटत नाही. त्याने विचारलं, "देऊळ कशासाठी हवंय?" मी म्हटलं, लोकांना कळावं हा माल सोलापूरचा आहे. तो म्हणाला, तीन इंचांत देऊळ, तळं, भाकरी, चटणी, शेंगा, सगळं घातलं तर शिक्क्यात काळा ठिपका उरेल. शिवाय गावात देऊळ छापलेली पाकिटं आणि पिशव्या किती आहेत ते तुम्हीच मोजा. मी मोजली. आमच्या रस्त्यावरच पाच निघाली. मग त्याने सुचवलं की देवळाने जे सांगायचं ते गावाच्या नावानेच सांगू. 'सोलापूर' हा शब्द शेवटच्या बारीक ओळीतून उचलून दुकानाच्या नावाखाली, जवळपास त्याच उंचीचा. यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, देव देव्हाऱ्यात आहे, पाकीट लोक फाडून टाकतात, त्यावर देऊळ नकोच. हा मुद्दा ना माझ्या डोक्यात आला होता ना त्याच्या.

तिसरं चित्र आलं. पाच कडांपैकी तिसऱ्या भाकरीची कड त्याने जशीच्या तशी घेतली होती. डावीकडे जरा फुगलेली, वर एका जागी थोडी आत. डाग तीनच, तीन मापांचे. कड वळलेली दाखवायला खालच्या बाजूने एकच जाड रेघ. चटणीचा ओघळ गेला होता. आता भाकरीवर रवाळ ढीग होता, ठिपक्याठिपक्यांचा, विटकरी. नाव गडद तपकिरी, जवळजवळ काळं. किरण नाहीत, सावली नाही.

पुन्हा छापून घेतलं, पाकिटाला लावलं, मुद्दाम तेलाचं बोट लावलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी कागद पिवळा झाला होता, नाव जसंच्या तसं. समोरच्या पायरीवरून वाचलं, आलं. काळ्या-पांढऱ्या प्रतीत मात्र चटणीचे ठिपके एकमेकांत मिसळून मातीचा ढिगारा झाला होता. ते मी चिठ्ठीत एका ओळीत लिहिलं, "एका रंगात चटणी मातीसारखी दिसते." त्याने शिक्क्यासाठी वेगळं सोपं रूप केलं. त्यात फक्त भाकरीची कड, तीन डाग आणि अक्षरं, चटणी नाहीच. मोठ्या रूपात चटणी आणि छोट्यात नाही, हे चालतं हे मला ठाऊकच नव्हतं, नाहीतर मी सुरुवातीलाच शिक्क्याचं माप त्याला कळवलं असतं. या शेवटच्या कामाचे वेगळे पैसे मी विचारले. दुरुस्ती धरली नाही म्हणाला, चटणीची कुपी पोचली होती.

शिक्का मागच्या सोमवारी करून आला. दोन इंच रुंद, लाकडी मूठ. पुण्याच्या पहिल्या खोक्यावर सासूबाईंनी मारला. पहिला ठसा शाई जास्त होऊन थोडा पसरला. त्यांनी चष्मा वर करून खोक्याला डोळे लावले आणि 'भ' वर नखाने खूण केली. कान मोकळा होता. मग त्यांनी भाकरीच्या कडेवरून बोट फिरवलं, डावीकडच्या फुगवट्यापाशी थांबल्या आणि जावेला म्हणाल्या, "ही बाजरीची नव्हती का गं? त्या दिवशी पीठ जरा सैल झालं होतं."